नाव न घेतल्याबद्दल

गोजाबाईंनी कोरा कागद आणि पाकीट ओट्यावर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पानाचा बटवा ठेवला आणि मग त्या स्वतः खाली टेकल्या.

"एक चिठ्ठी लिहून दे," त्या म्हणाल्या.

अर्जुनराव कांद्याच्या रोपाच्या जुड्या बांधत होते. हातातली जुडी अर्धवट राहिली. चुलती त्यांच्या ओट्यावर आली होती ती जवळजवळ तीन वर्षांनी. दोन्ही घरांमध्ये तीस पावलांचं अंतर. मधे एक कडुलिंब आणि जनावरांची दावण. पण दावा लागल्यापासून त्या वाटेनं कुणी गेलं-आलं नव्हतं. दावा ऑगस्टात संपला, आता डिसेंबर उजाडला होता. तरी वाट तशीच होती.

"कुणाला लिहायची?" त्यांनी विचारलं.

"नानासाहेब वकिलाला. खेडच्या."

अर्जुनरावांनी जुडी खाली ठेवली. नानासाहेब खळदकर हे गोजाबाईंचे वकील नव्हते. ते अर्जुनरावांचे वकील होते. गोजाबाईंच्या विरुद्ध त्यांनीच दावा चालवला होता.

"तुझे वकील दौलतराव, काकी."

"माजा दौलतराव. ते ठावं हाय मला. मी नानासाहेबाचंच म्हंते. त्याचं आभार मानायचं हायेत."

आतून त्यांची बायको मंजुळा पाण्याचा तांब्या घेऊन आली, चुलतसासूला पाहून उंबऱ्यातच थबकली. मग तांब्या खाली ठेवून वाकली आणि पाया पडली. गोजाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  मंजुळा आत गेली.

"शाळेतले मास्तर लिहून देतात," अर्जुनराव म्हणाले. आपण हे का म्हणालो, ते त्यांना कळलं नाही.

"घरातली गोष्ट हाय. बाहेरच्याकडं कशाला न्यायची?"

अर्जुनराव उठले. हात धुतले. फळीवरून दौत आणि टाक काढला. ते सातवीची फायनल पास झालेले होते. भावकीत लिहिणारा हात त्यांचाच. गोजाबाईंनीच त्यांना शाळेत घातलं होतं. अर्जुनराव सहा वर्षांचे आणि शालन पाळण्यात असताना आई वारली, तेव्हा थोरल्या भावाची ही दोन पोरं धाकट्याच्या मूल नसलेल्या बायकोनं वाढवली. चाकणच्या शाळेपर्यंत ती रोज सकाळी त्यांना सोडायला जायची आणि वाटेत पाढे म्हणून घ्यायची. तिला स्वतःला पाढे येत नव्हते. पोरगा अडखळला की चुकला, एवढंच तिला समजे.

"कागद एकच हाय," गोजाबाई म्हणाल्या. "आदी दुसऱ्यावर लिही. मग मला वाचून दाव."

त्यांनी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान काढलं, पाठीमागची कोरी बाजू वर घेतली.

"सांग."

"आदी तुमच्या त्या रीतीचं लिही. पुढचं मी सांगते."

त्यांनी लिहिलं. वर श्री. उजवीकडे गाव आणि तारीख. 'रा. रा. नानासाहेब खळदकर, वकील, यांचे सेवेशी. कृ. सा. न. वि. वि.' एवढं सहज झालं. त्यांचा हात थांबला.

"लिही, की आमच्या घरातल्या जमिनीचं तू बगितलंस."

'आमचे घरातील जमिनीचे प्रकरण आपण वादीतर्फे चालविले,' असं त्यांनी लिहिलं. वादी हा शब्द लिहिताना त्यांनी मान वर केली नाही.

वादी ते स्वतः होते.

*

तीन वर्षांपूर्वी, चोपन्नच्या जानेवारीत, ते पहिल्यांदा खेडला नानासाहेबांच्या ओसरीवर जाऊन बसले होते, तेव्हा त्यांना रागापुढं दुसरं काही दिसत नव्हतं. गोजाबाई दौलतरावांकडे जाऊन बक्षीसपत्राचा मसुदा करून आल्याची बातमी त्यांना बाजारात कळली होती. विहिरीकडचा एक एकर शालनला. त्यांच्या सख्ख्या बहिणीला.

शालनला जुन्नरकडे दिली होती. नवऱ्यानं टाकल्यावर ती परत आली. तीन महिने भावाकडे राहिली आणि एक दिवस आपली वळकटी उचलून तीस पावलं चालत चुलतीकडे गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. पण राहा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

नानासाहेब उंच, वाळलेले, पन्नाशीचे गृहस्थ. समोरचा माणूस बोलत असताना ते दुसरं काही करत नसत. कागद चाळत नसत, की सुपारी कातरत नसत. अर्जुनरावांचं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. चुलता कधी वारला? छत्तीस साली. मूलबाळ? नाही. मरताना भावापासून वेगळा होता की एकत्र? वेगळा. एकतीसला वाटणी झाली होती.

"मग ऐका," नानासाहेब म्हणाले होते. "नवऱ्याची जमीन गोजाबाईंकडे आली ती त्यांच्या हयातीपुरती. त्यांनी कसावी, खावी. पण कायद्यानं मानलेली गरज असल्याशिवाय त्यांना ती कायमची देता येत नाही. बक्षीसपत्र केलं, तरी त्यांच्या माघारी ते तुमच्यावर बंधनकारक नाही. त्यांच्यामागं वारस तुम्ही. तेव्हा आज थांबलात, तरी तुमचं काही जात नाही."

"आणि तोवर जमीन दुसऱ्याच्या ताब्यात गेली तर?"

"दुसऱ्याच्या म्हणजे तुमच्या बहिणीच्या," नानासाहेब म्हणाले. आवाज जराही बदलला नाही.

अर्जुनराव ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. दावा करायचा म्हणजे करायचा. मग नानासाहेबांनी कच्चा मसुदा लिहायला घेतला. कलम एक, वादी व प्रतिवादी यांचं नातं. कलम दोन, वाटणी. कलम तीन, विधवा म्हणून प्रतिवादीला असलेला मर्यादित हक्क. अर्जुनराव शेजारी बसून सांगत होते. पाचव्या कलमाला ते म्हणाले, "असं घाला, की शालनची चालचलणूक बरी नाही. तिनं काकीला फितवलं."

नानासाहेबांनी अर्धं वाक्य लिहिलं. मग टाक दौतीवर आडवा ठेवला.

"हे तुम्हांला माहीत आहे, की वाटतं?"

अर्जुनराव आडव्या टाकाकडे बघू लागले.

"यानं दाव्याला बळ येत नाही," नानासाहेब म्हणाले. "प्रश्न गोजाबाईंच्या हक्काचा आहे, त्या पोरीच्या वागण्याचा नाही. आणि एकदा कोर्टाच्या दप्तरात गेलं की निघत नाही. पन्नास वर्षांनी कुणीही नक्कल काढतो आणि वाचतो." त्यांनी ते अर्धं वाक्य एका सरळ रेघेनं खोडलं. "तुम्हांला हेच हवं असेल तर खेडला आणखी वकील आहेत. नाव मी सुचवतो. राग धरणार नाही."

अर्जुनरावांनी दुसरा वकील केला नाही. दावा त्या ओळीशिवाय दाखल झाला. निकालापर्यंत जमीन जशीच्या तशी राहावी असा हुकूमही कोर्टानं दिला, आणि बक्षीसपत्राचा मसुदा दौलतरावांच्या दप्तरात पडून राहिला.

पण जी ओळ कागदावर गेली नाही, ती त्याच आठवड्यात चावडीवर गेली. चार माणसं बसलेली असताना कुणीतरी म्हणालं, अर्जुनराव, चुलतीवर दावा म्हणजे जरा जास्तच होतंय. तेव्हा त्यांच्या तोंडून ते निघालं. मोठ्यानं निघालं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर शालन आली तशी बाया गप्प झाल्या. पुढं वर्षभर ती गावात राहिली, पण पाण्याला सगळ्यांच्या आधी जायची नाहीतर सगळ्यांच्या नंतर. पंचावन्नच्या उन्हाळ्यात पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्यात बाया घेतात असं तिच्या कानावर आलं. ती गेली. बाटल्या धुवायच्या, भरायच्या, चिठ्ठ्या डकवायच्या. कासारवाडीला तिनं दोन बायांबरोबर खोली घेतल्याचंही त्यांनी ऐकलं होतं. विचारलं नव्हतं.

*

"पुढं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"लिही, की माजी जबानी झाली तवा तू मला बसायला सांगितलंस."

ती जबानी त्यांना आठवत होती. छप्पनचा मार्च. कोर्टात कौलांवरून ऊन उतरत होतं. आदल्या तारखेला त्यांची स्वतःची साक्ष झाली होती. आता गोजाबाई पिंजऱ्यात उभ्या होत्या, दोन्ही हातांनी कठडा धरून. दौलतरावांचे प्रश्न संपले आणि उलटतपासाला नानासाहेब उठले. उठल्यावर त्यांनी पहिल्यांदा जज्जसाहेबांकडे वळून म्हातारीला बसून उत्तरं द्यायची परवानगी मागितली. शिपायानं स्टूल आणून दिलं.

"चारच गोष्टी इचारल्या," गोजाबाई म्हणाल्या. "नवरा मेला तवा वाटनी झालेली हुती का? व्हय. जमीन कोन कसतं? मी कसते, गडी लावून. ही जमीन द्यायची, ती काय कुनाचं देनं भागवायला का? न्हाई. मग तुमच्या खान्यापिन्याची आबाळ हाय म्हनून का? न्हाई, म्हनलं. झालं. म्हनला, बाई, तुमी उतरा, दमानं उतरा."

अर्जुनराव तिथंच बाकावर बसले होते. त्या चार उत्तरांत दावा जवळजवळ सिद्ध झाला होता, हे त्यांना नंतर नानासाहेबांनी समजावून सांगितलं. गरज नसताना विधवा कायमची जमीन देऊ शकत नाही, आणि गरज नव्हती हे तिनंच सांगितलं. त्या दिवशी मात्र अर्जुनराव चिडले होते. अंगणात येऊन ते नानासाहेबांना म्हणाले होते, तुम्ही तिला काहीच विचारलं नाही. नानासाहेब म्हणाले, लागलं तेवढं विचारलं.

"मला वाटलं हुतं, हा आता शालीचं काडनार," गोजाबाई म्हणाल्या. " लोकांनी सांगितलं हुतं, कोर्टात वकील बाईमानसाला उघडं करतो. मी त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायले. त्यानं माज्या पोरीचं नाव घेतलं न्हाई. येकदाबी न्हाई." त्यांनी बटवा उचलला, पान काढलं नाही, परत ठेवला. "येवडं लिही. त्याच्यासाटीच चिठ्ठी हाय. बाकीचं तुमच्या रीतीचं."

अर्जुनरावांनी टाक दौतीत बुडवला. थेंब झटकला. पुन्हा बुडवला. मग लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"'मी प्रतिवादी असूनही आपण मला कोर्टात बसावयास सांगितले, थोडके विचारले व माझे उत्तर पुरे होईपर्यंत थांबलात. ज्या मुलीमुळे हा तंटा उपस्थित झाला, तिचे नाव आपण एकदाही काढले नाही.'"

"परत वाच."

त्यांनी परत वाचलं.

"तिच्यामुळं झाला आसं कशाला लिवलंस?"

अर्जुनराव कागदाकडे बघत राहिले. लिहिताना त्यांना ते खटकलं नव्हतं. तीन वर्षं ते हेच वाक्य मनात म्हणत आले होते; ते आपोआप उतरलं.

"काय लिहू मग?"

"आमच्या पोरीचं नाव, आसं लिही."

त्यांनी ती ओळ खोडली. 'आमचे मुलीचे' असं वर बारीक अक्षरात लिहिलं. मग टाक खाली ठेवला.

"काकी."

"हं."

"ते नाव मी घालायला सांगितलं होतं. दाव्यात. वाईट सांगितलं होतं. नानासाहेबांनी खोडलं."

दावणीला बांधलेल्या बैलानं मान हलवली. घुंगरू वाजलं आणि थांबलं. गोजाबाईंनी पायावरची माशी हाकलली.

"मला कुनी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर नाव न्हाई आलं, म्हंजी कुनीतरी आडवलं आसंल, येवडं कळतं मला. चावडीवर तर कुनी आडवाय नव्हतं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. अर्जुनरावांना वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

*

जूनमध्ये नवा कायदा आला तेव्हाही नानासाहेबांचा आवाज असाच होता. त्यांनी अर्जुनरावांना निरोप धाडून बोलावून घेतलं. समोर राजपत्र ठेवलं होतं. सतरा जूनपासून, त्यांनी सांगितलं, हिंदू बाईच्या ताब्यात जी मालमत्ता आहे, ती कायद्याच्या आधी आलेली असो की नंतर, तिची पुरी मालकी तिची. हयातीपुरती ही भानगड संपली. गोजाबाई जमीन देऊ शकतात, विकू शकतात, मृत्युपत्र करू शकतात. आपल्या दाव्याचा पायाच निघून गेला.

"दोन वर्षं दावा चालवला आणि आता पाया गेला?"

"होय."

अर्जुनरावांना बाजारात कुणीतरी अक्कल शिकवून ठेवली होती. ते पुढं सरकले. "आपण असं म्हटलं तर? वडील आणि चुलता वेगळे झालेच नव्हते. एकत्रच होते. मग छत्तीस साली चुलता गेला तेव्हा त्याचा हिस्सा सरळ वडिलांकडे आला. काकीला नुसती पोटगी. जमीन तिची कधी नव्हतीच."

नानासाहेबांनी दाव्याची नक्कल उघडली आणि त्यांच्यापुढं फिरवून ठेवली.

"कलम दोन वाचा."

"'वादीचा बाप सखाराम व प्रतिवादीचा नवरा आबाजी हे सन एकोणीसशे एकतीस साली विभक्त झाले असून...'"

"खाली सही कुणाची?"

"माझी."

नानासाहेबांनी फेरफाराचा उतारा काढला. वाटणीची तलाठ्याकडची नोंद. तळाशी दोन अंगठे.

"यातला हा कुणाचा?"

"वडिलांचा."

"बरं," नानासाहेब म्हणाले. पुढं ते काही बोलतील म्हणून अर्जुनराव थांबले.  नानासाहेबांनी दोन्ही कागद पुन्हा दप्तरात घातले, फीत बांधली आणि आत चहा सांगितला.

ऑगस्टात कोर्टाला लेखी पुरशीस दिली. 'वादीस सदरचा दावा चालविणे नाही, तो काढून टाकावा.' खाली अर्जुनरावांची सही. दौलतरावांनी 'हरकत नाही' असं लिहिलं. साहेबांनी हुकूम केला. दाव्याबरोबर जमिनीवरचा हुकूमही उठला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली नसतील. बाहेर आल्यावर नानासाहेबांनी अर्जुनरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, गोजाबाई आवारातच आहेत. बोलून घ्या.

गोजाबाई वडाखाली दौलतरावांबरोबर उभ्या होत्या. अर्जुनरावांनी पाहिलं. मोटार चुकेल, असं काहीतरी म्हणून ते फाटकाबाहेर गेले.

*

"मग केलंस का बक्षीसपत्र?" आता त्यांनी विचारलं. चार महिने हा प्रश्न त्यांच्या मनात होता, पण आता विचारताना त्यात काही धार उरली नव्हती.

"न्हाई."

"का? आता तर हुकूम नाही."

"शाली नगं म्हनली. दसऱ्याला आली हुती. मी म्हनलं, आता कायद्यानं हुतंय, चल खेडला. तर म्हनली, ज्या जमिनीपायी माजं गावात तसं झालं, तिच्यात मी पाय ठिवनार न्हाई."

अर्जुनराव कॅलेंडरच्या पानाच्या कडा सरळ करू लागले.

"मग मी दौलतरावाला इचारलं," गोजाबाई सांगत होत्या, "म्हनलं, मी कायबी कागद केला न्हाई तर माज्यामागं काय? त्यानं पुस्तक बगितलं. म्हनला, तुला पोरबाळ न्हाई, माघारी तुज्या नवऱ्याच्या वारसाकडं जानार. भाऊ मेलेला. मग भावाचा पोरगा न भावाची पोरगी. दोगं येकाच रांगंत. सारकं."

"सारखं?"

"चार येकराचं दोन तुला, दोन तिला. ती नगं म्हनली तरी नाव लागनारच, म्हनला. तलाठी दोगांना बोलवंल."

अर्जुनरावांनी मान हलवली. हिशेब करायला वेळ लागला नाही.

"मी येकच देत हुते," गोजाबाई म्हणाल्या.

त्या टोमणा मारत नव्हत्या. झालेली गोष्ट सांगावी तशा सांगत होत्या. तीन वर्षांपूर्वी हे ऐकून ते ताडकन उठले असते, तालुक्याला गेले असते, नवा वकील शोधला असता. आता त्यांच्या डोळ्यांपुढं एक एकर जमीन येत नव्हती. कुणीतरी तलाठ्याच्या सतरंजीवर येऊन बसेल, त्यांच्याकडे न बघता सही करेल आणि उठून जाईल, एवढंच येत होतं. शालनला सही येते. ती त्यांनीच शिकवली होती, गेरूनं, या ओट्याच्या भिंतीवर.

"शेवट काय करू?" त्यांनी विचारलं.

"सगळं शांतीनं केलं, त्याचं आभार हायेत. आनि उत्तर लिहू नगा म्हनून लिही. मला परत कुनाकडनं तरी वाचून घ्यावं लागंल."

"मी वाचून दाखवीन की."

गोजाबाईंनी कागदावरचा बटवा बाजूला केला. अर्जुनरावांनी कोरा कागद पुढं ओढला, त्याच्याखाली पाटी ठेवली आणि चांगल्या अक्षरात उतरवून काढलं.

'आमचे घरातील जमिनीचे प्रकरण आपण वादीतर्फे चालविले. मी प्रतिवादी असूनही आपण मला कोर्टात बसावयास सांगितले, थोडके विचारले व माझे उत्तर पुरे होईपर्यंत थांबलात. आमचे मुलीचे नाव आपण एकदाही काढले नाही. सर्व शांतपणे पार पडले, याबद्दल मी आपली आभारी आहे. उत्तराची तसदी घेऊ नये.'

त्यांनी ते सावकाश वाचलं. गोजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी डावा अंगठा पुढं केला. अर्जुनरावांनी टाकानं त्यावर शाई फासली, मनगट धरलं आणि अंगठा कागदावर टेकवला. किती हलका झालाय हा हात, असं त्यांच्या मनात आलं. शेजारी त्यांनी लिहिलं, 'गोजाबाई भ्रतार आबाजी कड, निशाणी डावा अंगठा.' त्याखाली, लिहून देणाऱ्यानं घालायचं म्हणून, 'दस्तुर अर्जुन सखाराम कड.' दाव्यावरही हीच दोन नावं होती. तिथं ती एकाखाली एक नव्हती, समोरासमोर होती.

शाई वाळेपर्यंत दोघंही कागदाकडे बघत बसले.

"काकी," अर्जुनराव म्हणाले, "शालनची खोली कासारवाडीला कुठं आहे? मी एक कार्ड टाकतो."

"आता तितं न्हाई ती. बदलली खोली."

"मग नवीन?"

गोजाबाईंनी अंगठ्याची शाई लुगड्याच्या काठाला पुसली. पुसून झाल्यावरही त्या पुसतच राहिल्या.

"मला दिला न्हाई तिनं पत्ता."

"तुला?"

"म्हनली, काकी, तुज्याजवळ आसला तर दादा मागंल, न तू त्याला देशील." त्यांनी काठ सोडला. "तीच येती कवामवा. आलीच तर सांगंन, इचारत हुतास म्हनून."

"परत कधी येईल?"

"दसऱ्याला आली हुती," गोजाबाई म्हणाल्या आणि ओट्याच्या कडेला हात टेकून उठल्या. बटवा कमरेला खोचला. अर्जुनराव आधार द्यायला उठले, तोवर त्या दोन पायऱ्या उतरलेल्या होत्या. "चिठ्ठी तूच टाक चाकणला. मला पोस्ट लांब पडतं."

लिंबाच्या सावलीतून त्या आपल्या दाराकडे गेल्या. दावणीशी थांबून त्यांनी बैलापुढचा सांडलेला कडबा पायानं आत लोटला, तसं त्या पूर्वी येता-जाता करायच्या.

अर्जुनराव खाली बसले. कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकीट पालथं करून पत्ता लिहायला घेतला. वकिलांचं नाव, आळी, खेड, जिल्हा पुणे. कुठं थांबावं लागलं नाही. तो त्यांना पाठ होता.